पाच फेऱ्या, तीन समीकरणे

१७५० साली टोबियास मायर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने चंद्राच्या डुलण्याचा हिशेब प्रसिद्ध केला. चंद्रावरच्या मॅनिलियस नावाच्या विवराची जागा त्याने पुन्हा पुन्हा मोजली होती. त्या मोजमापांतून त्याच्या हाती सत्तावीस समीकरणे आली आणि अज्ञात राशी होत्या फक्त तीन. कोणतीही तीन समीकरणे उचलली की उत्तर निघायचे, पण दुसरी तीन उचलली की ते उत्तर बदलायचे. मोजमापात थोडीफार चूक असतेच, त्यामुळे सत्तावीसच्या सत्तावीस समीकरणांना एकाच वेळी पटेल असे उत्तर असणे शक्यच नव्हते. मायरने मग सहगुणकांचा लहानमोठेपणा पाहून समीकरणांचे नऊ-नऊचे तीन गट पाडले, प्रत्येक गटाची बेरीज केली आणि उरलेली तीन समीकरणे सोडवली.

युक्ती चांगली होती, पण गट असेच का पाडायचे याला ठोस उत्तर नव्हते. दुसरा हिशेबनीस वेगळे गट पाडू शकला असता. या पुस्तकाचा विषय म्हणजे त्या प्रश्नाला मिळालेले उत्तर: गरजेपेक्षा जास्त समीकरणे असतील, तर त्यांतून नेमकी हवी तितकी समीकरणे कशी बनवायची?

मायरच्या मागोमाग रॉजर बॉस्कोविचने एक वाट सुचवली. पृथ्वीच्या आकाराची मोजमापे जुळवताना उरलेल्या चुकांची, अधिक-उणे चिन्ह न पाहता केलेली, बेरीज कमीत कमी असावी असा त्याचा आग्रह होता. ही वाट आजही वापरात आहे, पण हाताने चालायला अवघड. १८०५ मध्ये फ्रेंच गणिती आद्रियाँ-मारी लजांद्र याने धूमकेतूंच्या कक्षांवरच्या आपल्या पुस्तिकेला एक परिशिष्ट जोडले आणि त्यात चुकांऐवजी चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवायला सांगितले. वर्ग घेतल्याचा फायदा असा, की किमान बिंदू शोधताना सरळ एकघाती समीकरणे मिळतात. ती मांडायची रीत कुणालाही जमेल अशी आहे. प्रत्येक समीकरणाला त्याच्यातल्या पहिल्या अज्ञाताच्या सहगुणकाने गुणा आणि सगळ्यांची बेरीज करा. हे झाले पहिले समीकरण. मग दुसऱ्या अज्ञाताच्या सहगुणकाने गुणून बेरीज करा, मग तिसऱ्याच्या. जितकी अज्ञाते तितकी समीकरणे, आणि गट पाडण्याचा प्रश्नच उरत नाही. हीच नॉर्मल समीकरणे. मायरने ओळी जशाच्या तशा मिळवल्या होत्या, लजांद्रने त्या आधी वजन लावून मिळवल्या. आणि ते वजन बाहेरून आणलेले नव्हते, समीकरणांतच होते.

चार वर्षांनी, १८०९ मध्ये, कार्ल फ्रीडरिख गाउसने हीच पद्धत आपण १७९५ पासून वापरत असल्याचे छापले आणि लजांद्र दुखावला. श्रेयाचा तो वाद रंजक आहे, पण गाउसचे खरे देणे वेगळे. चुका कशा विखुरतात याच्याशी त्याने या पद्धतीचा संबंध जोडला, आणि १८२० नंतरच्या लेखनात त्याने दाखवले, की चुकांचा विखुरण्याचा नेमका आकार ठाऊक नसला तरी एकघाती, पूर्वग्रहरहित अंदाजांत किमान वर्गांचा अंदाज सर्वांत कमी डगमगतो. शिवाय पॅलस या लघुग्रहाच्या कक्षेसाठी त्याने नॉर्मल समीकरणांतून एकेक अज्ञात क्रमाने काढून टाकण्याची शिस्तशीर रीत मांडली. मॅट्रिक्सची भाषा त्याच्यापाशी नव्हती. ती पुढे आर्थर केलीच्या १८५८च्या निबंधातून आली आणि किमान वर्गांच्या लिखाणात १९३०च्या दशकात अलेक्झांडर एटकिन यांच्यासारख्यांमुळे रुळली.

आता एक छोटे उदाहरण. आकडे शिकवण्यासाठी बेतलेले आहेत आणि मुद्दाम लहान ठेवले आहेत, म्हणजे कागद-पेन्सिलीवर पडताळता येतील. एका डेअरीचा टेम्पो दुकानांना दूध पोहोचवतो. फेरीला किती मिनिटे लागतील हे दोन गोष्टींवरून सांगायचे आहे: अंतर किती किलोमीटर (x₁) आणि थांबे किती (x₂). पाच फेऱ्यांची नोंद अशी. २ किलोमीटर, १ थांबा, २१ मिनिटे. ४ किलोमीटर, २ थांबे, २९ मिनिटे. ५ किलोमीटर, ५ थांबे, ४५ मिनिटे. ६ किलोमीटर, ३ थांबे, ३९ मिनिटे. ८ किलोमीटर, ४ थांबे, ५१ मिनिटे.

शोधायच्या आहेत तीन संख्या. b₀ म्हणजे टेम्पो हलायच्या आधी क्रेट चढवण्यात जाणारा ठरावीक वेळ, b₁ म्हणजे दर किलोमीटरची मिनिटे आणि b₂ म्हणजे दर थांब्याची मिनिटे. नोंदी मॅट्रिक्समध्ये मांडल्या की चित्र असे दिसते:

```
X = | 1  2  1 |     y = | 21 |
    | 1  4  2 |         | 29 |
    | 1  5  5 |         | 45 |
    | 1  6  3 |         | 39 |
    | 1  8  4 |         | 51 |
```

पहिला स्तंभ नुसत्या एकांचा आहे, कारण ठरावीक वेळ प्रत्येक फेरीत एकदाच मोजला जातो. लजांद्रची "सहगुणकाने गुणा आणि बेरीज करा" ही सूचना मॅट्रिक्सच्या भाषेत एका खुणेत मावते. X च्या ओळींचे स्तंभ केले की Xᵀ मिळतो, आणि त्याने दोन्ही बाजूंना गुणायचे: XᵀX b = Xᵀy. डावीकडे फेऱ्यांची संख्या, स्तंभांच्या बेरजा, वर्गांच्या बेरजा आणि परस्पर गुणाकारांच्या बेरजा येतात. उजवीकडे मिनिटांबरोबरच्या गुणाकारांच्या बेरजा. वरच्या नोंदींसाठी त्या अशा:

```
 5b₀ +  25b₁ + 15b₂ =  185
25b₀ + 145b₁ + 85b₂ = 1025
15b₀ +  85b₁ + 55b₂ =  625
```

पुढचे काम दहावीच्या एकसामयिक समीकरणांचे आहे. दुसऱ्या समीकरणातून पहिल्याची पाचपट वजा केली की 20b₁ + 10b₂ = 100 उरते. तिसऱ्यातून पहिल्याची तिप्पट वजा केली की 10b₁ + 10b₂ = 70. या दोहोंची वजाबाकी 10b₁ = 30 देते. म्हणजे b₁ = 3, b₂ = 4, आणि पहिल्या समीकरणात ठेवून b₀ = 10. क्रेट चढवायला दहा मिनिटे, दर किलोमीटरला तीन, दर थांब्याला चार. या हिशेबाने पाच फेऱ्यांना २०, ३०, ४५, ४० आणि ५० मिनिटे लागायला हवीत. प्रत्यक्षातून ती वजा केली की शेष उरतात १, −१, ०, −१, १.

उत्तर बरोबर आले का, हे तपासायची सोय नॉर्मल समीकरणांतच आहे. तीच समीकरणे Xᵀ(y − Xb) = 0 अशी लिहिली, की ती सांगतात: शेषांची रांग X च्या प्रत्येक स्तंभाला लंब असली पाहिजे. इथे शेषांची बेरीज शून्य येते. अंतरांनी गुणून बेरीज केली तर २ − ४ + ० − ६ + ८, पुन्हा शून्य. थांब्यांनी गुणून १ − २ + ० − ३ + ४, तीही शून्य. अंतर किंवा थांबे वापरून एकघाती मार्गाने आणखी जे काही समजावता आले असते, ते शेषांत शिल्लक राहिलेले नाही. पाठ्यपुस्तके बहुतेक इथे थांबतात. हे पुस्तक इथून खऱ्या अर्थाने सुरू होते, कारण या नीटनेटक्या उत्तरात एक खोट आहे.

तिसरी फेरी बाजूला ठेवून बाकीच्या चार पाहा. दोन किलोमीटरला एक थांबा, चारला दोन, सहाला तीन, आठला चार. या चारही फेऱ्या अशा रस्त्यावरच्या आहेत, जिथे दर दोन किलोमीटरला एक दुकान आहे. या चारांतून वेळ अंतरामुळे वाढला की थांब्यांमुळे, हे वेगळे काढताच येत नाही. आकडेही तेच सांगतात. फक्त चार फेऱ्यांची नॉर्मल समीकरणे मांडली, तर तिसरे समीकरण दुसऱ्याच्या बरोबर निम्मे निघते आणि XᵀX चा निश्चयक शून्य होतो. उत्तर नाहीसे होत नाही, उलट उत्तरे अगणित होतात. b₀ दहाच राहतो आणि 2b₁ + b₂ = 10 एवढेच बंधन उरते. किलोमीटरला पाच मिनिटे आणि थांब्याला शून्य, किंवा किलोमीटरला शून्य आणि थांब्याला दहा, दोन्ही त्या चार फेऱ्यांना सारखेच लागू पडतात.

म्हणजे "तीन आणि चार" ही विभागणी एकट्या तिसऱ्या फेरीने केली आहे. तिचा शेष शून्य आला होता. पाहणाऱ्याला वाटेल, ही फेरी किती छान बसली! प्रत्यक्षात तिला बसण्यावाचून पर्याय नव्हता. प्रतल तिच्यातूनच जाणार होते, तिची मिनिटे काहीही असोत.

हे पडताळायला एक चूक मुद्दाम करून पाहावी. नोंद करणाऱ्याने ४५ च्या जागी ५४ लिहिले, असे समजा. आकडे उलटे पडणे ही रोजची गोष्ट. उजव्या बाजूच्या बेरजा आता १९४, १०७० आणि ६७० होतात. तीच वजाबाकी केली की b₁ = 1.2 आणि b₂ = 7.6 येतात, आणि b₀ पुन्हा दहा. किलोमीटरचा वेळ निम्म्याहून खाली आला, थांब्याचा जवळजवळ दुप्पट झाला. आणि शेष? १, −१, ०, −१, १. एकही बदलला नाही. शेषांच्या वर्गांची बेरीज आधी चार होती, आताही चारच. शेषांवरून काढलेल्या प्रमाणित चुकाही तशाच राहतात, b₁ साठी सुमारे ०.४५ आणि b₂ साठी ०.६३, आणि त्या पाहून कुणाला शंका येणार नाही. अंतर आणि थांबे यांचा सहसंबंध पाचही फेऱ्यांत ०.७१ आहे, तोही घाबरवणारा नाही. रूढ अर्थाने ज्याला चांगले जुळणे म्हणतात, त्याची प्रत्येक कसोटी चुकीच्या नोंदीने पार केली.

ही चूक कुठे दिसते? XᵀX मध्ये नाही. तिथे पाच ओळी एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, आणि याच मिसळण्यात नॉर्मल समीकरणांचे बळ आहे. दोन चलांच्या या प्रश्नात XᵀX मध्ये वेगळे असे सहाच आकडे असतात आणि Xᵀy मध्ये तीन. टेम्पोच्या फेऱ्या पाच असोत की एक कोटी, नऊ बेरजा पुरतात. नवी फेरी आली की नऊ बेरजांत भर घालायची, जुनी ओळ विसरून जायची. दहा ठिकाणच्या नोंदी दहा यंत्रांवर असल्या तरी प्रत्येकाने आपल्या नऊ बेरजा पाठवल्या की काम होते. एवढ्या काटकसरीने अचूक उत्तर देणारी रीत विरळा. पण त्या नऊ बेरजा एवढेच सांगतात, की उत्तर काय आहे. ते कुणी दिले, हे त्या सांगत नाहीत.

त्यासाठी ओळींकडे परत जावे लागते. प्रत्येक ओळीसाठी एक संख्या काढता येते: ती ओळ x, तर x(XᵀX)⁻¹xᵀ. सांख्यिकीत तिला लिव्हरेज म्हणतात. एखाद्या नोंदीची मिनिटे एकाने वाढवली तर त्याच फेरीचा काढलेला वेळ कितीने वाढेल, हे ती सांगते. टेम्पोच्या पाच फेऱ्यांसाठी ती ०.७, ०.३, १, ०.३ आणि ०.७ येते. बेरीज तीन, म्हणजे अज्ञातांच्या संख्येइतकी. ती नेहमी तेवढीच असते. तिसऱ्या फेरीचे लिव्हरेज पूर्ण एक आहे. १९७०च्या दशकात कुक यांचे अंतर आणि होग्लिन-वेल्श यांचे हॅट मॅट्रिक्सवरचे काम आले आणि अशा ओळी शोधणे नेहमीचे झाले. मात्र या उदाहरणात कुक यांचे अंतरही हात टेकते: वर शून्य, खाली शून्य. संगणक तिथे रिकामी जागा किंवा NaN छापतो, आणि पुष्कळजण ती ओळ किरकोळ म्हणून सोडून देतात.

या विषयाच्या मोठ्या परंपरा तीन, आणि तिघींनी वेगवेगळ्या दुखण्यांवर काम केले. पहिली सर्वेक्षकांची. जमिनीवर मोजलेल्या त्रिकोणांचे कोन १८० अंशांशी नीट जुळत नाहीत, म्हणून चुका सगळीकडे वाटून द्याव्या लागतात. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेल्या भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीचे जाळेही पुढे, जेम्स वॉकरच्या काळात, किमान वर्गांनीच जुळवले गेले. तोपर्यंत लॅम्बटन जाऊन बरीच दशके झाली होती. १८२३ मध्ये मोजणीच्या कामावर असतानाच विदर्भातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. नॉर्मल समीकरणे झटपट सोडवायची शोलेस्की यांची रीतही याच परंपरेतली. ते फ्रेंच तोफखान्यातले सर्वेक्षक अधिकारी. १९१८ मध्ये युद्धात मारले गेले आणि त्यांची रीत १९२४ मध्ये त्यांच्या एका सहकाऱ्याने छापली. XᵀX सममित असतो, या गोष्टीचा तीत पुरेपूर उपयोग आहे.

दुसरी परंपरा संख्याशास्त्रज्ञांची. फ्रान्सिस गाल्टनने आईबापांची आणि मुलांची उंची ताडून पाहताना रिग्रेशनची कल्पना मांडली आणि १८९७ मध्ये जॉर्ज उडनी यूलने ती किमान वर्गांशी जोडली. इथे समीकरणे सोडवण्यापेक्षा उत्तरावर किती विसंबायचे, हा प्रश्न मोठा.

तिसरी परंपरा संगणकाच्या पिढीची, आणि तिने नॉर्मल समीकरणांवरच बोट ठेवले. X ची जी काही नाजूक स्थिती असते, तिचा XᵀX बनवताना वर्ग होतो. पीटर लॉइख्ली यांचे १९६१चे उदाहरण इतके लहान आहे, की तोंडपाठ होते. एक स्तंभ (1, ε, 0) आणि दुसरा (1, 0, ε) घ्या, ε म्हणजे 10⁻⁸. दोन्ही स्तंभ वेगळे आहेत, यात वाद नाही. पण XᵀX च्या कर्णावर 1 + ε² येते, आणि सुमारे सोळा अंकांवर चालणाऱ्या संगणकात 1 + 10⁻¹⁶ म्हणजे नुसता एक. सगळ्या जागी एक उरतो आणि निश्चयक शून्य होतो. १९६५ मध्ये जीन गोलब यांनी हाउसहोल्डर यांच्या परावर्तनांनी थेट X वरच काम करायची वाट रुळवली. आज R मधले `lm` त्याच धर्तीच्या QR पद्धतीने चालते आणि NumPy मधले `lstsq` SVD वापरते. तरीही टेम्पोच्या चुकलेल्या नोंदीपुढे यांपैकी एकही पद्धत शहाणी ठरत नाही. सगळ्या सारख्याच अचूकपणे १.२ आणि ७.६ हेच सांगतील. QR चे औषध अंकांच्या काटछाटीवर आहे, माहितीच्या दुष्काळावर नाही. या दोन दुखण्यांची गल्लत अनुभवी माणसेही करतात, म्हणून पुस्तकात ती पुन्हा पुन्हा वेगळी केली आहेत.

दुष्काळावर औषध म्हणून १९७० मध्ये होर्ल आणि केनार्ड यांनी XᵀX च्या कर्णात थोडी भर घालायला सुचवले; तेच रिज रिग्रेशन. तिसरी फेरी वगळून उरलेल्या चारांवर ते लावले, b₀ ला भरीतून सूट दिली आणि भर अगदी लहान ठेवली, तर b₁ = 4, b₂ = 2 च्या जवळचे उत्तर येते. दिसायला ठाम, पण या आकड्यांतली विभागणी फेऱ्यांनी दिलेली नाही. ती भर घालण्याच्या रीतीतून आली आहे. अंतर किलोमीटरऐवजी मीटरमध्ये लिहिले तर ती बदलते. भाकितासाठी रिज फार उपयोगी पडते. थांब्याला किती मिनिटे लागतात म्हणून चालकाशी हुज्जत घालायला मात्र ती वापरू नये.

पुस्तकाची मागणी माफक आहे: दोन-तीन अज्ञातांची समीकरणे सोडवता यावीत आणि मॅट्रिक्सचा गुणाकार ठाऊक असावा. प्रत्येक पद्धत आधी हाताने, मग संगणकावर, आणि मग नोंदीत एखादी चूक पेरून, अशी तीनदा येते. सिद्धता आहेत, पण थोड्या. वक्ररेषी प्रारूपे आणि कालमालिका मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. तीन स्तंभांत काय घडते ते नीट कळले, तर तीनशे स्तंभांचा गोंधळ पुष्कळसा ओळखीचा वाटतो, असा पुस्तकाचा पवित्रा आहे आणि तो पटण्यासारखा आहे.

टेम्पोचे उदाहरण पुढेही चालू राहते. लिव्हरेजच्या सूत्रात y कुठेच नाही, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. म्हणजे कोणती फेरी उत्तर आपल्या मुठीत ठेवणार, हे टेम्पो निघायच्या आधीच काढता येते. म्हणून पुस्तकातला पहिला मोठा सराव असा आहे: आणखी एकाच फेरीचा खर्च परवडणार असेल, तर ती कोणती ठरवावी? नेहमीच्या रस्त्यावर दहा किलोमीटर, पाच थांबे, अशी फेरी नेली तर तिसरीची मक्तेदारी तशीच राहते. तिच्यासारखीच पाच किलोमीटर, पाच थांब्यांची फेरी नेली, तर दोघींचे लिव्हरेज अर्धे-अर्धे होते. तिसरीच्या नोंदीत चुकून ५४ पडले असतील आणि नव्या फेरीत ४६ आले, तर दोन्ही ओळींसमोर चार-चार मिनिटांचा शेष उभा राहतो आणि वर्गांची बेरीज चारावरून छत्तीसवर जाते. आठ किलोमीटर आणि एकच थांबा हा तिसरा पर्याय आहे. त्याचा हिशेब वाचकावर सोडला आहे.